मॅकफॅडन ०.०९, हॉस्मर-लेमेशो नापास: मॉडेल टाकून द्यायचं का?

प्रश्न: रुग्ण घरी गेल्यावर ३० दिवसांत पुन्हा दाखल होईल का, याचा अंदाज देणारं लॉजिस्टिक मॉडेल केलं आहे. २०,००० नोंदी, त्यातले २,४०० पुन्हा दाखल, १४ कोएफिशियंट. एयूसी ०.७२ आहे, पण मॅकफॅडन आर-स्क्वेअर फक्त ०.०९ (लॉग-लाइकलिहूड: नुसत्या इंटरसेप्टचं −७३३८, आमचं −६६७८) आणि हॉस्मर-लेमेशोची पी-व्हॅल्यू ०.००२. साहेब म्हणतात, मॉडेल बसतच नाही, टाकून द्या. दहा गटांचा तक्ता जोडतोय. पुढच्या वर्षाच्या ६,००० नोंदीही आहेत, त्यांना अजून हात लावलेला नाही. काय करू?

| गट | सरासरी अंदाज | अपेक्षित | प्रत्यक्ष |
|---|---|---|---|
| १ | ३.०% | ६० | ३६ |
| २ | ४.५% | ९० | ७४ |
| ३ | ५.८% | ११६ | ११३ |
| ४ | ७.२% | १४४ | १५२ |
| ५ | ८.७% | १७४ | १८८ |
| ६ | १०.४% | २०८ | २२५ |
| ७ | १२.५% | २५० | २६८ |
| ८ | १५.२% | ३०४ | ३२२ |
| ९ | १९.७% | ३९४ | ४०९ |
| १० | ३३.०% | ६६० | ६१३ |

उत्तर: टाकू नका. तुमच्या साहेबांनी दोन वेगळ्या गोष्टींची एकच तक्रार केली आहे. ०.०९ हा आकडा मॉडेल चुकल्याचं काहीच सांगत नाही. ०.००२ मात्र एक खरा दोष दाखवतोय. तो लहान आहे, दुरुस्त होण्यासारखा आहे, आणि तुमच्याच तक्त्यात डोळ्यांनी दिसतो.

आधी ०.०९ कडे बघू. मॅकफॅडनचं सूत्र `1 - lnL(model)/lnL(null)` असं आहे, म्हणजे तुमच्याकडे १ − ६६७८/७३३८. साध्या रिग्रेशनचा आर-स्क्वेअर डोक्यात ठेवून लोक याच्याकडे बघतात आणि घोटाळा तिथेच होतो. इथे उत्तर ० किंवा १ असतं, आणि मॉडेल देतं ती संभाव्यता. एखाद्या रुग्णाची खरी संभाव्यता १५ टक्के असेल आणि मॉडेलने बरोबर १५ टक्केच सांगितले, तरी तो रुग्ण शेवटी ० किंवा १ च होणार. त्यातली अनिश्चितता कुठलंही मॉडेल पुसू शकत नाही.

हे तुमच्याच तक्त्यावर तपासता येतं. समजा दहा गटांच्या खऱ्या संभाव्यता अगदी ३.०, ४.५, … ३३.० टक्केच आहेत आणि मॉडेलला त्या तंतोतंत माहीत आहेत. म्हणजे मॉडेल निर्दोष आहे. प्रत्येक गटासाठी `-(p ln p + (1-p) ln(1-p))` काढा, त्यांची सरासरी घ्या. ती ०.३३६ येते. सगळ्यांना सरसकट १२ टक्के धरलं तर हाच आकडा ०.३६७ येतो. १ − ०.३३६/०.३६७ म्हणजे साधारण ०.०८. निर्दोष मॉडेललाही इतकेच गुण मिळतात. गटांच्या आत संभाव्यता थोड्या पसरलेल्या असतात, त्यामुळे तुमचा ०.०९ येतो. हाच विचार आणखी पुढे नेला, आणि समजा सगळ्या रुग्णांची संभाव्यता खरोखरच १२ टक्के आहे, तर पूर्ण बरोबर असलेल्या मॉडेलचा मॅकफॅडन शून्य येईल.

म्हणजे हा आकडा मोजतो तो पसारा: कमी जोखमीचे आणि जास्त जोखमीचे रुग्ण एकमेकांपासून किती लांब करता आले. एयूसीही वेगळ्या मोजपट्टीने साधारण तेच मोजतो. ०.७२ आणि ०.०९ हे दोन परस्परविरोधी निकाल वाटतात, पण १२ टक्क्यांच्या घटनादराला ते एकमेकांशी नीट जुळणारे आहेत.

‘०.२ ते ०.४ म्हणजे उत्तम’ हे वाक्य तुमच्या कानावर आलं असेलच. ते खुद्द डॅनियल मॅकफॅडन यांचं, १९७० च्या दशकातलं, आणि लोक अनेक पर्यायांतून एक कसा निवडतात याच्या मॉडेलांसंदर्भातलं. ते उचलून रुग्णालयातल्या नोंदींना लावण्यात अर्थ नाही.

आणि ‘स्यूडो आर-स्क्वेअर’ हा एकच आकडा नाही, हेही साहेबांना दाखवा. तुमच्याच दोन लॉग-लाइकलिहूडमधून कॉक्स-स्नेल काढला तर ०.०६४ येतो. नागेलकर्के काढला तर ०.१२३. ट्यूर यांचा गुणांक, म्हणजे पुन्हा दाखल झालेल्यांचा सरासरी अंदाज वजा न झालेल्यांचा सरासरी अंदाज, ०.०७ च्या आसपास. मॉडेल एकच, आकडे चार. कॉक्स-स्नेलची तर १२ टक्के घटनादराला कमाल मर्यादाच ०.५२ आहे, नागेलकर्के त्या मर्यादेने भागतो, म्हणून मोठा दिसतो. अहवालात नुसतं ‘आर-स्क्वेअर ०.१२’ लिहिलेलं दिसलं की कुठला, हे विचारल्याशिवाय मी पुढे वाचत नाही. मला स्वतःला ट्यूरचा आवडतो, कारण तो शब्दांत सांगता येतो. बाकी, याच डेटावर केलेल्या दोन मॉडेलांची तुलना करायला यांतला कोणताही चालेल. वेगवेगळ्या घटनादरांच्या डेटांमध्ये तुलना करायला एकही नाही.

आता ०.००२. हॉस्मर-लेमेशो चाचणी अंदाजांच्या चढत्या क्रमाने नोंदी लावते, त्यांचे सहसा दहा गट करते आणि प्रत्येक गटात अपेक्षित व प्रत्यक्ष संख्येतला फरक मोजते: `(O-E)^2 / (E(1-p))`. तुमच्या दहा गटांची बेरीज २४.७ येते. ज्या डेटावर मॉडेल बसवलं त्याच डेटावर चाचणी केली असेल तर ८ डिग्री ऑफ फ्रीडम धरायचे, म्हणून ०.००२. (नव्या डेटावर केली तर १०. अनेक सॉफ्टवेअर हा फरक आपणहून करत नाहीत.)

या चाचणीचा कमकुवतपणा बघायला टक्के तसेच ठेवा आणि फक्त नोंदी २०,००० ऐवजी २,००० करा. प्रत्येक गटातली तफावत टक्क्यांत तेवढीच, पण बेरीज २.४७ होते आणि पी-व्हॅल्यू ०.९६. साहेब म्हणाले असते, वा, काय सुंदर बसलंय! दोन लाख नोंदी असत्या तर बेरीज २४७ झाली असती आणि त्यांनी मॉडेल खिडकीतून भिरकावलं असतं. मॉडेल तिन्ही वेळा तितकंच चुकतंय. पी-व्हॅल्यू सांगते ते एवढंच की तफावत नशिबाने आलेली नाही. ती किती मोठी आहे आणि तिने काही बिघडतं का, हे ती सांगत नाही. शिवाय गट कुठे पाडले यावरही निकाल हलतो. सारखे अंदाज असलेल्या नोंदी सीमेवर आल्या की एक पॅकेज त्या वर टाकतं, दुसरं खाली, आणि पी-व्हॅल्यू बदलते. हे हॉस्मर आणि लेमेशो यांनीच सहकाऱ्यांसोबत १९९७ मध्ये दाखवून दिलं होतं.

म्हणून पी-व्हॅल्यू बाजूला ठेवा आणि तक्ता वाचा. फरकांची चिन्हं बघा: पहिल्या तीन गटांत प्रत्यक्ष कमी (−२४, −१६, −३), चौथ्यापासून नवव्यापर्यंत सगळीकडे जास्त (+८, +१४, +१७, +१८, +१८, +१५), आणि दहाव्यात पुन्हा कमी (−४७). फरक विखुरलेले असते तर मी दुर्लक्ष केलं असतं. हे धनुष्यासारखे वाकलेले आहेत. दोन्ही टोकांना मॉडेल जास्त सांगतंय, मधे कमी. असा बाक दिसला की एखादं महत्त्वाचं व्हेरिएबल सरळ रेषेत घातलेलं आहे आणि त्याचा परिणाम प्रत्यक्षात सरळ नाही, असा माझा पहिला संशय असतो.

तुमच्या विषयात संशयित शोधायला लांब जायला नको. ‘गेल्या वर्षभरात किती वेळा दाखल’ हे व्हेरिएबल मॉडेलमध्ये नक्कीच असेल. ते सरळ घातलं म्हणजे तुम्ही मॉडेलला सांगता की ० वरून १ ला जाताना लॉग-ऑड्स जितके वाढतात तितकेच ६ वरून ७ ला जाताना वाढतात. खऱ्या आयुष्यात पहिल्या एक-दोन वेळांचा फरक मोठा असतो, सातव्या-आठव्याचा नगण्य. त्यावर सरळ रेषा बसवली की ती शून्यवाल्यांना थोडी जास्त जोखीम देते, मधल्यांना कमी आणि खूपदा आलेल्यांना पुन्हा जास्त. तुमचा तक्ता हुबेहूब असाच आहे.

याची तपासणी अशी करा (R मध्ये, तुमच्या कॉलमची नावं घाला):

```r
library(splines)
m2 <- update(m1, . ~ . - prev_adm + ns(prev_adm, 3))
anova(m1, m2, test = "Chisq")
```

तीन डिग्रीच्या नॅचरल स्प्लाइनमध्ये सरळ रेषा आपोआप सामावलेली असते, त्यामुळे दोन मॉडेलांची तुलना लाइकलिहूड-रेशोने सरळ करता येते आणि जादा खर्च फक्त २ डिग्रींचा होतो. समजा लॉग-लाइकलिहूड −६६७८ वरून −६६६३ वर आलं. लाइकलिहूड-रेशो ३० झाला, २ डिग्रींवर. शंकेला जागा नाही. पण मॅकफॅडन बघा: ०.०९० वरून ०.०९२. जो दोष हॉस्मर-लेमेशोला खटकत होता तो निघून गेला, आणि स्यूडो आर-स्क्वेअरला त्याचा पत्ताही लागला नाही. उलट दिशेनेही हेच होतं. मॅकफॅडन ०.३५ असलेलं मॉडेल टोकांना सपशेल चुकीचे टक्के देत असू शकतं.

‘फिट’ तपासायला सरसकट चाचणीपेक्षा अशी नेमका प्रश्न विचारणारी चाचणी मी कधीही पसंत करेन. प्रत्येक सलग व्हेरिएबलसाठी रेषा की वक्र, आणि विषय जाणणाऱ्या डॉक्टरांना विचारून निवडलेले दोन-तीन इंटरअॅक्शन. निकाल वाईट आला तर काय दुरुस्त करायचं तेही त्यातूनच कळतं. हॉस्मर-लेमेशो नुसती घंटा वाजवते. आणि काही वेळा वाजवतही नाही: तिचे गट अंदाजांवर पडतात, त्यामुळे तरुणांना जास्त आणि वृद्धांना कमी अंदाज दिला जात असेल आणि दोघंही एकाच गटात पडले, तर फरक आपसात खपून जातो. म्हणून वय, लिंग, विभाग असे वेगवेगळे तुकडे करून प्रत्येकात अपेक्षित-प्रत्यक्ष मांडून बघा.

जाता जाता एक. आउटपुटमध्ये रेसिड्युअल डेव्हियन्स १३३५६ छापलेला असेल आणि समोर जवळपास २०,००० डिग्री ऑफ फ्रीडम. भागाकार एकपेक्षा कमी, म्हणजे फिट चांगला, असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. एकेका रुग्णाची ०/१ नोंद असलेल्या डेटात लॉजिटने बसवलेल्या मॉडेलचा डेव्हियन्स फक्त अंदाजांवरून काढता येतो. एकदा अंदाज हातात आले की प्रत्यक्ष निकाल सूत्रातून गळूनच जातात. ज्या आकड्यात प्रत्यक्ष निकालच नाहीत, तो अंदाज आणि प्रत्यक्ष यांची तुलना कशी करणार? नोंदी मोठमोठ्या गटांत एकत्र केलेल्या असतील तेव्हाच तो भागाकार कामाचा.

आता तुमच्या ६,००० नोंदी. तुमच्या हातातली सगळ्यात मोलाची वस्तू ती आहे. वरचा तक्ता ज्या डेटावर मॉडेल बसवलं त्याच डेटाचा आहे, आणि तिथे काही गोष्टी गणितानेच जुळतात. अपेक्षित स्तंभाची बेरीज करा: २,४००. प्रत्यक्षाचीही २,४००. इंटरसेप्ट असलेल्या लॉजिस्टिक मॉडेलमध्ये मॅक्सिमम लाइकलिहूड ही बेरीज जुळवूनच थांबतं. तसंच त्या डेटावर कॅलिब्रेशनचा स्लोप नेमका १ येतो. त्यामुळे ‘आमचं मॉडेल सरासरीला अचूक आहे’ हे वाक्य ट्रेनिंग डेटाच्या जोरावर लिहिलं तर त्यात माहिती शून्य.

नव्या नोंदींवर दोन छोटी मॉडेलं बसवा. कल्पना डी. आर. कॉक्स यांची, १९५८ ची:

```r
new$lp <- predict(m2, newdata = new)
glm(y ~ offset(lp), family = binomial, data = new)
glm(y ~ lp, family = binomial, data = new)
```

`predict` इथे मुद्दाम टक्क्यांत न घेता लॉजिटवर घेतलं आहे. पहिल्या मॉडेलचा इंटरसेप्ट ० च्या जवळ हवा. तो सरासरी पातळी सांगतो. दुसऱ्या मॉडेलमधला `lp` चा कोएफिशियंट म्हणजे स्लोप, तो १ च्या जवळ हवा. १ पेक्षा कमी म्हणजे अंदाज टोकाचे आहेत: कमी जोखमीवाल्यांना फारच कमी, जास्तवाल्यांना फारच जास्त. दुसऱ्या मॉडेलचा इंटरसेप्ट मात्र वाचू नका. स्लोप १ नसेल तर त्याला सुटा अर्थ नसतो, आणि तोच आकडा पातळी म्हणून अहवालात गेलेला मी बऱ्याचदा बघतो.

स्लोप कमी आला तर कारण कुठलं, हे तुमच्या बाबतीत बऱ्यापैकी ओळखता येईल. मूळ मॉडेलचा लाइकलिहूड-रेशो २ × (७३३८ − ६६७८) = १३२० आहे, कोएफिशियंट १४. ओव्हरफिटिंगमुळे स्लोप किती आकसेल याचा ठोकळ अंदाज (१३२० − १४)/१३२० = ०.९९. स्प्लाइनचे दोन जादा कोएफिशियंट धरूनही यात फरक पडत नाही. म्हणजे २,४०० घटनांवर हे मॉडेल ओव्हरफिट झालेलं नाही. नव्या डेटात स्लोप ०.८५ आला आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल १ च्या खालीच राहिला, तर दोष मॉडेल बसवण्यात नाही. रुग्णांचा प्रकार, उपचार किंवा नोंदी करण्याची पद्धत बदलली आहे. स्प्लाइन किंवा व्हेरिएबल निवडताना तुम्ही पन्नास प्रयोग केले असतील तर मात्र हा हिशोब लागू नाही, कारण ते प्रयोग १४ मध्ये मोजलेले नाहीत.

आकड्यांबरोबर वक्रही काढा: आडव्या अक्षावर अंदाज, उभ्यावर लोएसने गुळगुळीत केलेलं प्रत्यक्ष प्रमाण, सोबत कर्ण आणि खाली अंदाजांचा हिस्टोग्राम. हिस्टोग्राम वगळू नका. ५० टक्क्यांच्या पुढे वक्र गटांगळ्या खाताना दिसला आणि तिथे मोजके रुग्ण असतील, तर ते बहुतेक नुसते नशिबाचे हेलकावे आहेत. इंटरसेप्ट ० आणि स्लोप १ असूनही वक्र वाकलेला असू शकतो. तुमच्या मूळ डेटात नेमकं तेच घडलं होतं.

मग तफावत किती चालेल? हे वापरावर ठरतं, चाचणीवर नाही. समजा २० टक्क्यांच्या वरच्या रुग्णांना घरी गेल्यावर फोन करायचा आहे. त्या उंबरठ्याजवळ तुमचा नववा गट: अंदाज १९.७, प्रत्यक्ष २०.५ टक्के. या कामाला तुमचं मूळ मॉडेलही बिनदिक्कत चालेल. पहिल्या गटात ३.० च्या जागी १.८ टक्के आहेत, पण त्यांना तसाही कोणी फोन करणार नव्हतं. उलट, कमी जोखमीच्या रुग्णांना तपासणीशिवाय लवकर सोडायचं ठरवायला हेच मॉडेल वापरणार असाल, तर तो पहिला गटच महत्त्वाचा आणि तिथली जोखीम दीडपटीहून जास्त फुगलेली आहे. तिथे स्प्लाइनशिवाय पुढे जाऊ नका.

शेवटी, नव्या डेटात सगळ्यात जास्त वेळा जे दिसतं ते सांगतो, म्हणजे दचकणार नाही. स्लोप १ च्या आसपास, पण इंटरसेप्ट −०.३०: मॉडेल सरासरी १२ टक्के सांगतं आणि प्रत्यक्षात ९.३ टक्केच रुग्ण परत येतात. ६,००० नोंदींवर इंटरसेप्टची स्टँडर्ड एरर ०.०५ च्या आत येईल, त्यामुळे हा फरक खराच समजायचा. एयूसी तसाच राहील, कारण सगळे अंदाज एकाच बाजूला सरकले तरी क्रम बदलत नाही. उपाय सोपा आहे: मूळ इंटरसेप्टमध्ये −०.३० मिळवा, बाकी कोएफिशियंट तसेच ठेवा. फक्त त्याआधी एक फोन नोंदी ठेवणाऱ्या विभागाला करा. ‘पुन्हा दाखल’ची व्याख्या त्या वर्षी बदलली का, किंवा दुसऱ्या रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या नोंदी येणं थांबलं का, ते विचारा. तसं असेल तर मॉडेल बरोबर आहे आणि मोजणी अपुरी आहे. तेव्हा इंटरसेप्ट हलवलात तर बरोबर असलेले अंदाज तुम्हीच खाली ओढाल.